सहा आठवडे आडवी रेघ: थोडं पाणी, थोडं पीठ

प्रश्न: सर, माझं वय ४१, उंची १५८ सेंमी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात वजन ७८.४ किलो होतं. तुम्ही दिलेला १५०० कॅलरींचा आराखडा पाळतेय. पहिल्या दोन आठवड्यांतच दोन किलो उतरले, मार्चअखेर ७२.९ वर आले. एप्रिलपासून चालण्याबरोबर आठवड्यातून तीन दिवस डंबेल्सही सुरू केले आणि तेव्हापासून अ‍ॅपमधली रेघ आडवीच आहे. सोमवारचे आकडे: ७२.९, ७३.३, ७२.८, ७३.२, ७३.०, ७२.९. रविवारी मुलांबरोबर एक वेळ बाहेर जेवण होतं, बाकी काही चुकलेलं नाही. माझं चयापचय बंद पडलं का? १२०० कॅलरींवर येऊ का?
— एक वाचक, नाशिक

नमस्कार ताई,

१२०० वर येऊ नका. पुढचे पाच आठवडे तरी नाहीच. का ते सांगतो.

आधी चयापचयाचं. ते मंदावतं, पण बंद पडत नाही. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून त्यांची मापं घेतली होती. त्यांचं चयापचय खूप खाली आलं, तरी वजन जवळजवळ चौथ्या हिश्श्याने उतरलं. तुम्ही त्याच्या जवळपासही नाही. तुमच्या बाबतीत जे झालंय ते बरंच साधं आहे: शरीर साडेपाच किलोंनी हलकं झालं, त्यामुळे त्याचा रोजचा खर्चही कमी झाला. दर किलोमागे रोज साधारण २० ते २५ कॅलरी धरा, म्हणजे तुमचा खर्च सव्वाशेच्या आसपास घटला. जानेवारीत तुमचं शरीर दिवसाला अंदाजे १९७० कॅलरी जाळत होतं आणि पोटात १५०० जात होत्या, म्हणजे रोज पावणेपाचशेची तूट. आता तोच खर्च १८५० च्या घरात आला आहे आणि तूट ३५० ची उरली आहे. ताट तेच, मेहनत तीच, तरी उतार सौम्य होणारच होता.

ही ३५० ची तूट काट्यावर किती दिसायला हवी? एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. सहा आठवड्यांचे ४२ दिवस गुणिले ३५०, म्हणजे १४,७०० कॅलरी, म्हणजे जवळजवळ १.९ किलो. काटा दाखवतोय शून्य. हे १.९ किलो गेले कुठे, एवढाच खरा प्रश्न आहे.

जिममध्ये याचं एक तयार उत्तर मिळतं: ‘चरबी गेली आणि तेवढाच मसल आला.’ ऐकायला बरं वाटतं, पण त्यावर विश्वास ठेवू नका. चाळिशीतल्या बाईने कमी खात असताना डंबेल्स सुरू केले तर दीड महिन्यात स्नायू वाढतो तो काहीशे ग्रॅम, तोही सगळं जमून आलं तर. १.९ किलोंचा हिशेब त्याने लागत नाही. तो लागतो दोन गोष्टींनी मिळून, आणि त्या दोन्ही वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत, कारण एकीवर काहीच करायचं नसतं आणि दुसरीवर करायचं असतं.

पहिली गोष्ट पाणी.

तुमची रेघ नेमकी एप्रिलमध्ये आडवी झाली आणि डंबेल्सही तेव्हाच सुरू झाले. हा योगायोग नाही. स्नायूला सवय नसलेलं काम दिलं की त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुरुस्तीसाठी तिथे पाणी साठतं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, जिना उतरताना जीव जातो, ते याचंच लक्षण. शिवाय वजनं उचलणारा स्नायू स्वतःजवळ ग्लायकोजेनचा, म्हणजे पिष्टमय इंधनाचा, साठा वाढवतो आणि या साठ्याच्या एका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलं जातं. हे दोन्ही मिळून अर्धा ते एक किलो सहज होतं. दुखणं काही आठवड्यांत कमी होतं आणि त्यासाठी साठलेलं पाणीही निघून जातं. ग्लायकोजेनबरोबरचं मात्र राहतं, आणि ते राहिलेलंच बरं, कारण त्याच्या जोरावर तुम्ही पुढचं डंबेल उचलणार आहात.

जानेवारीतले पहिले दोन किलो हा याच गोष्टीचा उलटा प्रकार होता. खाणं एकदम कमी झालं, ग्लायकोजेनचा साठा उतरला, मीठ कमी झालं, आतड्यात असलेल्या अन्नाचा भार घटला. त्या दोन किलोंत चरबी थोडीच होती. पण त्या वेगाची डोळ्यांना सवय लागली आणि नंतरचा खरा वेग, आठवड्याला साडेतीनशे ग्रॅम, कमी वाटू लागला.

आता सोमवार. रविवारच्या बाहेरच्या जेवणात मीठ जास्त असतं. सलाइनच्या एक लिटर बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं आणि शरीर आपलं पाणी जवळपास याच प्रमाणात राखतं. त्यामुळे रोजच्यापेक्षा चार-पाच ग्रॅम मीठ जास्त गेलं की अर्धा लिटर पाणी दोन दिवस अडकून बसतं. पंजाबी भाजी, नान, वर सोडा एवढ्यात तेवढं मीठ आरामात होतं. त्यात भात-नानचं ग्लायकोजेन आणि अजून पोटातच असलेलं जेवण मिळवा. म्हणजे आठवड्यातल्या सात सकाळींपैकी वजनासाठी सगळ्यात वाईट सकाळ तुम्ही निवडली आहे. प्रत्येक सोमवार सारखाच फुगलेला असता तर उतार तरी दिसला असता. पण एका रविवारी बिर्याणी, दुसऱ्या रविवारी साधा डोसा, म्हणून एक सोमवार १.२ किलोंनी फुगतो आणि दुसरा ३०० ग्रॅमनी. तुमच्या ७३.३ आणि ७३.२ या आकड्यांबद्दल माझा अंदाज तरी हाच आहे.

नमुन्यादाखल एक आठवडा पाहा. सोमवार ते रविवार: ७३.४, ७३.१, ७२.७, ७२.५, ७२.४, ७२.६, ७२.६. सातांची सरासरी ७२.७६. सोमवार एकटा पाहिला तर तुम्ही ७३.४ च्या, शुक्रवार एकटा पाहिला तर ७२.४ च्या. एकाच आठवड्यात एका किलोचा फरक, आणि त्यात चरबीचा वाटा दोनेकशे ग्रॅमचासुद्धा नाही. तुम्ही मात्र सहा आठवड्यांचा निकाल अशा सहा सोमवारांवरून काढताय.

पाळीचंही असंच. पाळी येण्याआधीच्या पाच-सात दिवसांत अनेकींचं वजन अर्ध्या ते दीड किलोने चढतं आणि पाळी सुरू झाल्यावर उतरतं. म्हणून या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी करायची नाही. ती चार आठवड्यांपूर्वीच्या त्याच टप्प्याशी करायची. चाळिशीत चक्र मागेपुढे होऊ लागलं असेल तर पाळीच्या पहिल्या दिवसावर तक्त्यात खूण करा आणि तिथून दिवस मोजा.

पण पाणी एकटं १.९ किलो सहा आठवडे लपवू शकत नाही. ८०० ग्रॅम लपवेल, फार तर एक किलो. उरलेल्या किलोचा हिशेब ही दुसरी गोष्ट, आणि तो बराचसा स्वयंपाकघरात आहे.

इथे मी तुमच्यावर खोटेपणाचा आरोप करत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये असाच एक अभ्यास झाला. ‘दिवसाला १२०० पेक्षा कमी कॅलरी खातो, तरी वजन हलत नाही’ असं सांगणाऱ्या लोकांचा खरा खर्च आणि खरं खाणं अचूक पद्धतीने मोजलं गेलं. चयापचय सगळ्यांचं ठीक निघालं. खाल्लेलं मात्र त्यांनी सरासरी ४७ टक्के कमी नोंदवलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ही माणसं लबाड नव्हती. डोळ्यांनी केलेलं माप असंच हळूहळू सरकत जातं.

आपल्याकडे ते कसं सरकतं ते पोळीत बघा. जानेवारीत आपण कणकेचा गोळा ३० ग्रॅमचा ठरवला होता. त्यात पाणी वगळता पीठ साधारण १९ ग्रॅम, म्हणजे ६५ कॅलरी. सुरुवातीला गोळा काट्यावर ठेवला जातो. महिन्याने हाताला अंदाज आला असं वाटतं आणि काटा कपाटात जातो. मग घाईच्या सकाळी गोळा ३४ चा होतो, पुढे ३८ चा, पुढे ४२ चा. पोळी थोडी मोठी दिसते, पण ताटात तुलनेला जुनी पोळी नसते. ४२ ग्रॅमच्या गोळ्यात पीठ २६ ग्रॅम, म्हणजे ९१ कॅलरी. एका पोळीमागे २६ जास्त, दिवसाच्या चार पोळ्यांमागे १०४. अ‍ॅपमध्ये नोंद मात्र तीच: ‘पोळी, ४ नग’. वर लावलेलं तेल यात धरलेलंच नाही.

तेलाची मोजणी याहून सोपी आहे, कारण पिशवी कधी फोडली ते लक्षात राहतं. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे जवळपास ८२०० कॅलरी. चौघांच्या घरात पिशवी दहा दिवस पुरत असेल तर माणशी रोज २०५ कॅलरी तेलातून येतात. तीच पिशवी आठ दिवसांत संपू लागली तर २५६. फोडणीची पळी किंचित खोल बुडते, एवढाच फरक, आणि माणशी ५० कॅलरी वाढतात. मे महिन्यात आमरसाची वाटी असतेच. ती बंद करा असं मी म्हणणार नाही, पण वाटी मोजा आणि साखर घातली असेल तर तीही लिहा.

पोळी आणि तेलानंतर तिसरी गळती चालण्याची. व्यायाम तुम्ही चुकवलेला नाही, हे मान्य. पण व्यायामाव्यतिरिक्तची हालचाल नकळत घटते. कमी खाणारं शरीर उरलेल्या वेळात बसून घेतं, त्यात डंबेल्सच्या दिवशी पाय जड असतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात दुपारची कामं माणूस गाडीवर उरकतो. फोनमध्ये मार्चची रोजची सरासरी पावलं काढा आणि मेची काढा. ८००० ची ६००० झाली असतील तर तुमच्या वजनाला तेवढ्यानेच दिवसाला पन्नासेक कॅलरी कमी जळतात.

पोळीचे १००, तेलाचे ५० आणि पावलांचे ५० मिळून दोनशे. साडेतीनशेच्या तुटीतून दोनशे गेले तर उरतात दीडशे. दीडशेने ४२ दिवसांत चरबी जाते ८०० ग्रॅम, आणि तेवढंच पाणी डंबेल्सनी आत घेतलं. बेरीज शून्य. तुमच्या घरी अगदी हेच आकडे असतील असं नाही, पण सहा आठवड्यांची आडवी रेघ बहुतेक वेळा अशीच दोन टोकांकडून तयार होते.

रेघ आडवी दिसण्यात अ‍ॅपचाही थोडा हात आहे. अठरा आठवड्यांचा आलेख फोनच्या चार बोटं रुंद पडद्यावर आणि उभा अक्ष ७० ते ८० किलोंचा, अशा चित्रात आठवड्याला १३०-१४० ग्रॅमचा उतार डोळ्यांना दिसतच नाही. म्हणून आकडे स्वतःच्या तक्त्यात घ्या. गूगल शीट्समध्ये A रकान्यात तारीख, B मध्ये रोजचं वजन. पहिली ओळ शीर्षकाची. सातव्या दिवशी C8 मध्ये हे लिहा आणि खाली ओढत न्या:

```
=AVERAGE(B2:B8)
```

आलेख फक्त C रकान्याचा काढा आणि उभा अक्ष ७१ ते ७४ ठेवा. B ची रेघ काढू नका, ती रोज घाबरवेल.

वजन रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, पाणी-चहाच्या आधी, त्याच कपड्यांत. काटा फरशीवर ठेवा, गालिचावर किंवा पायपुसण्यावर नको. एकदा काट्याचीही परीक्षा घ्या: आधी नुसतं उभं राहा, मग सीलबंद पाच किलो पिठाची पिशवी हातात घेऊन. फरक ४.९ ते ५.१ च्या बाहेर गेला तर सेल बदलून पुन्हा बघा. आठवड्यातून एकदा, शुक्रवारी सकाळी, बेंबीच्या रेषेत टेपने पोट मोजा. श्वास सोडून, टेप त्वचेला टेकलेली पण रुतलेली नको. तीनदा मोजा आणि मधला आकडा लिहा.

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. फक्त आहे ते मोजा: रोजच्या गोळ्याचं वजन, तेलाची पिशवी फोडल्याची तारीख, पावलं. सगळ्यांना इथेच घाई होते. गोळा लहान, तेल कमी, भात बंद, चालणं दुप्पट, सगळं एकाच सोमवारी. मग वजन उतरलं तरी कशाने ते कळत नाही, आणि महिन्याभरात दमून सगळंच सुटतं. दुसऱ्या आठवड्यापासून गोळा पुन्हा ३० ग्रॅमवर, तेल ठरलेल्या चमच्याने आणि पावलं मार्चच्या सरासरीवर आणा. १५०० चा आराखडा तोच. डंबेल्स तेच, दिवसही तेच. रविवारचं जेवणही राहू दे.

निकाल पाहायचा तो पहिल्या आणि पाचव्या आठवड्याच्या सरासरीत. मधे चार आठवडे जातात, त्यामुळे पाळीचा टप्पाही साधारण तोच येतो. गळती खरोखर तिथेच होती तर सरासरी किलोभर उतरलेली दिसेल. पाचशे ग्रॅमच्या आसपास उतरली तर दिशा बरोबर आहे, काही बदलायचं नाही, आणखी चार आठवडे जाऊ द्यायचे. तीनशेच्या आत अडकली, पण पोट दोन सेंटीमीटरने कमी झालं असेल, तरीही थांबायचं, कारण चरबी जातेय आणि पाणी अजून तिला झाकतंय. सरासरी तीनशेच्या आत आणि पोटही तेवढंच, असं झालं तर मी ते खरं थांबणं मानेन. तेव्हासुद्धा १२०० नाही. १५०० चे १३५० करू, तेही संध्याकाळची एक पोळी आणि चहाचे दोन चमचे तेल काढून. प्रथिनं कमी करायची नाहीत: डाळ, दही, अंडी, पनीर यांचं माप आहे तेच.

१२०० ला मी एवढा विरोध का करतो? पडून राहिलं तरी तुमचं शरीर दिवसाला अंदाजे १३५० कॅलरी जाळतं. त्याच्या बरंच खाली गेलात की डंबेल्सचा जोर जातो, पावलं आणखी घटतात आणि गुरुवारी आवरलेली भूक शनिवारी रात्री फरसाणाच्या डब्याशी जाते. कागदावर ३०० वाचतात, आठवड्याच्या शेवटी तेवढे परत येतात. त्यात ताणाने आणि अपुऱ्या झोपेने शरीर पाणी धरून ठेवतं, म्हणजे रेघ पुन्हा आडवीच.

काही गोष्टी माझ्या कक्षेबाहेरच्या आहेत. सतत थकवा, इतरांपेक्षा जास्त थंडी वाजणं, केस गळणं, बद्धकोष्ठ, पाळीत एकदम बदल, असं काही सोबत असेल तर डॉक्टरांना दाखवून थायरॉइडसाठी टीएसएच तपासून घ्या. गेल्या दोन महिन्यांत नवीन औषध सुरू झालं असेल, विशेषतः स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा नैराश्यावरची काही औषधं, तर त्यानेही वजन अडतं. औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून ठेवल्यावर खड्डा तसाच राहत असेल, किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो चढून धाप लागत असेल, तर ते डंबेल्सचं पाणी नव्हे. त्याच दिवशी दवाखान्यात जा.

येत्या सोमवारी सुरू करा. पहिला आठवडा संपला की मला तीनच आकडे पाठवा: सात दिवसांची सरासरी, शुक्रवारचं पोट आणि कणकेच्या गोळ्याचं वजन. गोळा पोळ्या लाटणाऱ्याला आधी न सांगता मोजा, नाहीतर त्या दिवशी तो बरोबर ३० चाच निघेल.